विषय : सुवर्णखरेदीबाबत

बाबूकाका फोन करत नाहीत, पत्र लिहितात. न्यू जर्सीत एडिसनच्या घरी बसून ते पत्र संगणकावर टाइप करतात, छापून काढतात, खाली शाईच्या पेनाने सही ठोकतात आणि मग त्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. सही नसलेला कागद हा कागदच नव्हे, असं त्यांचं मत आहे. सगळी नोकरी औषधांच्या कारखान्यात दर्जातपासणीवर काढलेला माणूस. त्यांच्याशी कागदावरून वाद घालायला घरातलं कुणी जात नाही.

२०२५च्या गुढीपाडव्याला असं एक पत्र आलं. चार पानं. मायना आत्याच्या नावे, 'प्रत माहितीसाठी' आमच्या वडिलांना. विषय : आगामी भेटीतील सुवर्णखरेदीबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत. काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न डिसेंबरात कोल्हापुरात करायचं ठरलं होतं आणि तिला पाटल्यांची जोडी आणि साज करायचा होता. साजाचा हट्ट मुलीचा. जन्म एडिसनचा, मराठी अडखळत, पण आजीच्या लग्नातला फोटो पाहून 'हेच पाहिजे' म्हणून बसलेली. काका सप्टेंबरात एकटेच येऊन खरेदी उरकणार होते, कारण सप्टेंबरात तिकीट स्वस्त पडतं. त्यासाठी सतरा प्रश्न, त्यातल्या काहींना (अ), (ब) अशी पिल्लं, आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या.

आत्याने पत्र वडिलांकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्यो सोनं घ्यायला यायलाय का दुकान तपासायला?"

बाबूकाकांचा हा स्वभाव जुना आहे. सल्ला मागणं ही त्यांची हौस आहे, सल्ला घेणं ही नव्हे. हेच सतरा प्रश्न त्यांनी सांगलीच्या शाळासोबत्याला, दुबईच्या भाच्याला, एडिसनमध्येच ओक ट्री रोडवर दागिन्यांच्या दुकानात बसणाऱ्या गुजराती बाईंना आणि एका निवृत्त बँक मॅनेजरला पाठवले होते. सगळ्यांची उत्तरं आली की ती एका तक्त्यात मांडायची, न जुळणाऱ्या उत्तरांसमोर लाल फुली मारायची आणि फुली मिळालेल्या माणसाला खुलासा मागायचा. दुबईचा भाचा दुसऱ्या खुलाशानंतर बेपत्ता झाला.

प्रश्न वाचताना कळत होतं की काका अमेरिकेत राहत असले तरी सोन्याच्या बाबतीत अजून १९७९च्या कोल्हापुरात आहेत. प्रश्न तिसरा असा होता : "घरात सोन्याची लगड बाळगल्यास शासकीय कारवाई होते काय? होत असल्यास मर्यादा कळवावी." आमच्या मुलीला हा विनोद वाटला. पण तो विनोद नव्हता. ज्या वर्षी काका विमानात बसले त्या वर्षी १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा जारी होता आणि सामान्य माणसाला लगड, बिस्किट घरात ठेवता येत नव्हतं. त्याआधी १९६३ साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायलाच बंदी आली होती, आणि कोल्हापूरच्या सराफपेठेतले, गुजरीतले कारागीर हातावर हात ठेवून बसल्याचं वर्णन काका आपल्या वडिलांकडून ऐकत वाढले. १९६८चा कायदा १९९० साली रद्द झाला ही बातमी एडिसनला पोचली नव्हती. पोचली असणार, पण तिच्यावर सही नसेल.

खरी मजा पाचव्या प्रश्नात होती. तो प्रश्न नव्हताच, सिद्धांत होता. अमेरिकेत सोनं महाग आणि भारतात स्वस्त, असं काकांनी आकडेमोड करून सिद्ध केलं होतं आणि आत्याने फक्त 'सहमत' लिहायचं होतं. आकडे त्या दिवसांतलेच, मी सोयीसाठी गोल करून सांगतो. अमेरिकेत सोन्याचा भाव औंसाला ३,११० डॉलर. काकांनी त्याला २८.३५ने भागलं, कारण एका औंसात २८.३५ ग्रॅम असतात हे कुठल्याही अमेरिकन स्वयंपाकघरात टांगलेलं असतं. ग्रॅमला १०९ डॉलर ७० सेंट आले. डॉलरला ८५ रुपये धरून ९,३२४ रुपये. इकडे चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला साधारण ९,००० रुपये, त्यावर ३ टक्के जीएसटी लावून ९,२७०. म्हणजे भारतात कर भरूनही ग्रॅममागे पन्नासेक रुपये वाचतात. खाली दोन रेघा.

आमची मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिने तो कागद हातात घेतला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "आजोबांनी साखरेचा औंस घेतलाय."

सोन्याचा औंस वेगळा असतो. सोनं-चांदी ट्रॉय औंसात मोजतात आणि त्यात ३१.१ ग्रॅम बसतात. ३,११०ला ३१.१ने भागलं की ग्रॅमला नेमके १०० डॉलर, म्हणजे ८,५०० रुपये. आता काकांचा सिद्धांत उलटा झाला. भारतात सोनं बाहेरून येतं, त्यावर आयात शुल्क लागतं. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात ते १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, पण ६ तरी होतंच. ८,५००वर ६ टक्के चढवले की ९,०१० होतात, आणि त्यावर जीएसटी. गुजरीतला भाव आकाशातून पडत नाही, तो असा बनतो. म्हणजे धातू म्हणून पाहिलं तर कोल्हापूरचं सोनं एडिसनपेक्षा नऊ टक्क्यांनी महाग. जन्मभर गोळ्यांमधल्या मिलिग्रॅमवर लोकांना धारेवर धरणाऱ्या माणसाचा एका औंसामागे पावणेतीन ग्रॅमचा घोटाळा! हे त्यांना कळवायचं कुणी, यावर घरात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी नातीनेच कळवलं. उत्तर आलं : "निरीक्षण नोंदले. आभार. तथापि साज एडिसनला मिळत नाही." या वाक्याला मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं.

औंस सुटला तर तोळा उभा राहिला. पत्रात 'पाटल्यांची जोडी चार तोळे' असं लिहिलेलं. काकांचा तोळा म्हणजे त्यांच्या आईचा तोळा, ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाकडे चार तोळे म्हटलं की तो ४० ग्रॅम लिहून घेतो. काकांच्या मनात मात्र ४६.६ ग्रॅम. साडेसहा ग्रॅमचा फरक म्हणजे तेव्हाच्या भावाने चोपन्न हजार रुपये, आणि काकांचं अंदाजपत्रक त्याच्याच भरवशावर. आत्या म्हणाली, "बाबूला सांग, तोळं सोड आणि ग्रॅम धर. तुझ्या आईचा तोळा तिच्यासंगं गेला."

मग वडिलांनी बाकीचे प्रश्न बाजूला सारून एक पाटल्यांचं बिल कागदावर मांडून पाठवलं. सतरा उत्तरांचं काम त्या एका कागदाने केलं असतं, काकांनी करू दिलं असतं तर. पाटल्या २२ कॅरेटच्या, ४० ग्रॅम. चोवीसचा भाव ९,००० असेल तर बावीसचा ८,२५०, कारण चोवीस भागांतले बावीसच सोन्याचे. वर्तमानपत्रात चोवीसचा भाव वाचून यायचं आणि बावीसच्या बिलावर तो शोधत बसायचं, हे दुकानातल्या निम्म्या भांडणांचं मूळ आहे. तर सोन्याचे झाले ३,३०,०००. त्यावर घडणावळ. ती कुठे ग्रॅममागे रुपयांत सांगतात, कुठे टक्क्यांत. १२ टक्के धरली तर ३९,६००. दोन्हींची बेरीज ३,६९,६००, त्यावर ३ टक्के जीएसटीचे ११,०८८. एकूण ३,८०,६८८. हॉलमार्कचा आकार नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर, तो या बिलात दिसतही नाही, पण ग्राहक भांडतो तो त्याच्यावरच.

आता हीच जोडी दुसऱ्या दिवशी मोडीत घातली तर? दुकानदार सज्जन असेल आणि त्याच्याकडचीच जोडी असेल तर सोन्याचे ३,३०,००० मिळतील. घडणावळ गेली, कर गेला. पन्नास हजारांवर पाणी. दुसऱ्या दुकानात गेलं तर तोही आपली घट कापणार. वडिलांनी खाली लिहिलं होतं : भाव सगळ्या गुजरीला जवळजवळ सारखाच, त्यावर घासाघीस करू नये. घासाघीस घडणावळीवर करावी, आणि मोडीचा दर बिल फाडण्याआधी विचारावा.

काकांनी या कागदालाही तक्त्यात स्थान दिलं आणि त्यासमोर लाल फुली मारली. सांगलीच्या सोबत्याने घडणावळ ८ टक्के सांगितली होती. खुलासा मागवण्यात आला. सोबत्याची ८ टक्के ही साध्या साखळीची होती आणि पाटल्यांवर नक्षी होती, हे उघडकीला यायला जून उजाडला.

तोवर सोनं काकांची वाट पाहत थांबलं नव्हतं. घडणावळीचे दोन-चार टक्के वाचवण्यासाठी पत्रव्यवहार चालू होता आणि भाव वर वर चालला होता. सप्टेंबरात काका उतरले तेव्हा चोवीस कॅरेटने दहा ग्रॅमला १ लाखाची पायरी कधीच ओलांडली होती. आत्या त्यांना पाडव्यालाच म्हणाली होती, "पैसं पाठीव, मी घेऊन ठेवते." पण पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही, हे काकांचं तत्त्व. तत्त्वाची किंमत पाटल्यांच्या बिलात वेगळी दाखवत नाहीत, ती भावातच धरलेली असते.

आले ते ऐन पितृपक्षात. तिकीट स्वस्त असण्याचं कारण विमान कंपनीला ठाऊक नसेल, आत्याला होतं. "पंधरवड्यात लग्नाचं सोनं घरात येणार न्हाई," तिने जाहीर केलं. काकांनी तर्क लढवला की मुहूर्ताच्या दिवशी सोनं स्वस्त नसतं, उलट गर्दीमुळे बोलायला माणूस मिळत नाही. तर्क खरा होता. धनत्रयोदशीला लंडन-न्यूयॉर्कचा भाव काही खाली येत नाही, फार तर एखादं दुकान घडणावळीवर सूट लावतं. पण आत्याशी तर्काने बोलणारा माणूस आमच्या घरात अजून जिंकलेला नाही.

तोडगा आत्यानेच काढला, आणि तो गुजरीतल्या रिवाजातलाच होता. पितृपक्षात जाऊन ऑर्डर द्यायची, पैसे भरायचे, त्या दिवशीचा भाव बांधून घ्यायचा, आणि माल दसऱ्याला उचलायचा. साज घडवायला तसेही दिवस लागतातच. पंधरवड्यात दुकानं मोकळी असतात, मालक स्वतः चहा मागवतो. फक्त पावतीवर लिहून घ्यायचं की भाव हा आजचा, वजन घडल्यावर कमीजास्त झालं तर तेवढ्यापुरताच हिशेब, आणि मधे भाव उतरला तर काय. या तिसऱ्या मुद्द्यावर तोंडी 'बघू की' मिळतं. आत्या तोंडी घेत नाही.

पत्रातल्या बाराव्या प्रश्नाची हवा यातच गेली. काकांचा बेत असा होता की सोनं सप्टेंबरात एडिसनला न्यायचं, काकूला दाखवायचं आणि डिसेंबरात लग्नाला परत आणायचं. त्यासाठी त्यांनी बराच अभ्यास केला होता. अमेरिकेत शिरताना बाहेर घेतलेल्या वस्तू जाहीर कराव्या लागतात, अंगावर घातलं तरी, आणि माणशी ८०० डॉलरच्या वर गेलं की शुल्काचा प्रश्न येतो. आणि भारतातून नेलेला दागिना परत आणताना पुन्हा शुल्क लागू नये म्हणून निघतानाच विमानतळावर कस्टमकडून दाखला घ्यायचा असतो. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदांची फाइलही तयार होती. आत्याने एवढंच विचारलं, "लगीन कोल्हापुरात हाय न्हवं?"

फाइल सूटकेसमध्ये परत गेली.

गुजरीत जायच्या सकाळी काकांनी पाकिटातून डॉलर काढले. रोख द्यायचे, म्हणजे भाव चांगला मिळतो, असा १९७९चा अनुभव. वडिलांनी समजावलं की २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं दुकानदाराला आयकर कायद्यानेच मना आहे, एकाच खरेदीच्या दोन पावत्या केल्याने ते सुटत नाही, आणि २ लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. पॅन होता. मागच्या खेपेला काढलेला, बँकेच्या लॉकरमध्ये मॅट्रिकच्या गुणपत्रिकेशेजारी. तो आणेपर्यंत दुपार झाली.

दुकानात काका भिंग घेऊन बसले. आतून कातडं लावलेली डबी, तिच्यात घडीचं भिंग. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं. नमुन्याच्या पाटल्या समोर येताच त्यांनी आतल्या बाजूचे तीन शिक्के शोधून काढले : मानक ब्युरोचा त्रिकोणी शिक्का, '22K916', आणि सहा अक्षर-अंकांचा HUID. हा तिसरा प्रत्येक नगाचा वेगळा असतो आणि १ एप्रिल २०२३पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ सोनं. काका खूश झाले. या देशात काहीतरी दर हजारी मोजलं जातंय, हे त्यांना त्या खेपेत प्रथमच दिसत होतं.

मात्र साजावर त्यांचं भिंग चालेना, आणि खरी नजर तिथेच लागते. साजाची पानं आणि मणी अखंड सोन्याचे नसतात. पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली, म्हणून तर दागिना भरीव दिसतो आणि गळ्याला जड होत नाही. काट्यावर ठेवलं की लाखही सोन्याबरोबर बसते. उद्या मोडायची वेळ आली तर आगीत लाख जळून जाते आणि उरतं तेवढंच सोनं. मधल्या माणिक-पाचूच्या पानांतल्या खड्यांचंही तेच. आत्याने मालकाला सरळ सांगितलं, "लाख भरायच्या आधी वजन करायचं, माझ्या म्होरं. पावतीवर निव्वळ सोनं वेगळं, लाख-खडं वेगळं." मालक म्हणाला, "वहिनी, तुमच्यापुढं दुसरं काय करणार?" त्याने आत्याच्या सासूबाईंची बोरमाळ याच दुकानात गाठवली होती, त्या वेळी लाखेवरून काय झालं होतं ते दोघांनाही आठवत असावं.

घडणावळीवर आले तेव्हा मालकाने पाटल्यांना १४ टक्के सांगितली. काकांनी तक्ता उघडला. तक्त्यात ८ ते १८पर्यंत सगळे आकडे होते, त्यांची सरासरी होती, आणि सरासरीला कंस होता. ते बोलायला लागले. मालकाचा मुलगा विनयाने ऐकू लागला. मालक स्वतः चहाच्या कपात पाहू लागला. तेवढ्यात आत्याने पदर खांद्यावर सारखा केला, चपलेत एक पाय घातला आणि म्हणाली, "चल बाबू. मिरजकर तिकटीला आणि एक हाय."

दुसरा पाय चपलेत जायच्या आत ११ झाले.

काकांनी तक्ता मिटला. सतरा प्रश्नांपैकी एकही प्रश्न त्यांनी त्या दुकानात विचारला नाही.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, माल घरी आला. भाव त्या दोन-अडीच आठवड्यांत आणखी चढला होता, त्यामुळे पितृपक्षाची भीड आत्याला अगदी व्याजासकट परत मिळाली. काका तोवर एडिसनला पोचलेले. त्यांचं समाधान व्हावं म्हणून व्हिडिओ कॉल लावला. आमच्या सोनं लुटायच्या वेळी त्यांच्याकडे सकाळ होती. टाय लावून बसले होते. आमच्या मुलीने BIS Care ॲप उघडलं, पाटलीवरची सहा अक्षरं एकेक वाचून टाकली. तिसरं अक्षर शून्य की ओ, यावर दोन खंडांत मतभेद झाले. बरोबर पडल्यावर पडद्यावर दुकानाचा नोंदणी क्रमांक, हॉलमार्क केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता उमटली. काकांनी प्रत्येक गोष्टीपुढे टिक केली. दुसरी पाटली. मग साज. मग काका म्हणाले, पहिली पुन्हा एकदा. आत्याने फोन मुलीच्या हातातून घेतला आणि आपट्याचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे घे बाबू, सोनं. ह्याला नंबर न्हाई." आणि कॉल बंद केला.

डिसेंबरात लग्न झालं. साज नवरीच्या गळ्यात फार छान दिसला, आणि पंगतीत काका प्रत्येक पाहुण्याला ट्रॉय औंस समजावून सांगत होते. २८.३५ धरून फसणारे लोक त्यांनी अमेरिकेत फार पाहिले आहेत म्हणे.

हल्ली आत्याला एडिसनहून अनोळखी लोकांचे फोन येतात. काकांनी तिथल्या मराठी मंडळात 'भारतभेटीत सोने कसे घ्यावे' यावर भाषण दिलं आणि शेवटच्या पाटीवर आत्याचा नंबर लिहिला. लोक आदबीने विचारतात की सप्टेंबरात आपण दोन तास मोकळ्या असाल का. आत्या सगळ्यांना एकच विचारते, "पोरीचं लगीन कुठं हाय?" एडिसन म्हणाले तर ओक ट्री रोडला जा म्हणते. कोल्हापूर म्हणाले तर तारीख लिहून घेते.